‘आजार लपवला’ म्हणून मेडिक्लेम नाकारला? पत्र कसं वाचायचं, उत्तर कुठे आणि कोणत्या क्रमाने द्यायचं

क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की बहुतेक जण त्याच रात्री कंपनीला लांबलचक ईमेल पाठवतात. इतकी वर्षं हप्ते भरले, पेशंटची अवस्था किती वाईट होती, एजंटने काय शब्द दिला होता, सगळं त्यात असतं. नसतं ते एकच: पत्रात जे कारण दिलं आहे त्याला उत्तर. मग आठ-दहा दिवसांनी दोन ओळी येतात, ‘आमचा निर्णय कायम आहे’, आणि माणूस तिथेच थांबतो किंवा थेट वकील गाठतो.

नाकारण्याची कारणं अनेक असतात. इथे मी एकच घेतो आहे, कारण सगळ्यांत जास्त चुकीची उत्तरं याच कारणाला दिली जातात: ‘पॉलिसी घेण्यापूर्वीपासून असलेला आजार प्रपोजल फॉर्ममध्ये जाहीर केला नाही.’

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. नाशिकचे एक काका. पहिली पॉलिसी ८ जून २०१९ ची, विमा रक्कम ३ लाख. ८ जून २०२२ ला त्यांनी ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली आणि रक्कम ५ लाख केली. मध्ये एकही खंड नाही. ३ नोव्हेंबर २०२५ ला छातीत दुखू लागलं म्हणून दाखल झाले, अँजिओप्लास्टी झाली, बिल ३,८०,००० रुपये. पत्रातला मजकूर असा: ‘इनडोअर केस पेपरनुसार रुग्णास पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे. ही बाब प्रस्तावाच्या वेळी जाहीर केलेली नाही. सबब दावा नामंजूर करण्यात येत आहे.’

## टप्पा १: हे पत्र नक्की कशाचं आहे ते ठरवा

‘नाही’ म्हणणारी पत्रं तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाचा मार्ग वेगळा.

हॉस्पिटलमध्ये असतानाच आलेलं ‘कॅशलेस मंजूर नाही’ हे पत्र म्हणजे क्लेम फेटाळणं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की कंपनी आत्ता थेट हॉस्पिटलला पैसे देत नाही. बिल भरून, सगळे मूळ कागद घेऊन रिइम्बर्समेंटसाठी अर्ज करता येतो. कॅशलेस नाकारलं म्हणून अर्जच न करणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. दुसरं पत्र क्वेरीचं: अमुक रिपोर्ट पाठवा, तमुक खुलासा द्या. त्याला मुदतीत उत्तर दिलं नाही तर फाइल बंद होते आणि लोक त्यालाच ‘रिजेक्शन’ म्हणतात. तिसरं खरं नामंजुरीचं पत्र, ज्यात दावा फेटाळल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणखी एक बघा: पत्र कोणाचं आहे? कागदपत्रं टीपीए, म्हणजे कंपनीने क्लेमच्या कामासाठी नेमलेली बाहेरची संस्था हाताळते, पण क्लेम फेटाळण्याचा निर्णय विमा कंपनीचा असतो. विमा क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या अंतर्गत क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही आणि नाकारताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो.

तपासा: पत्रावर कलमाचा क्रमांक आहे का? नसेल तर पहिला ईमेल एवढाच करा: ‘कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते आणि समितीच्या मंजुरीची तारीख लेखी कळवा.’ बाकी एक शब्दही लिहू नका.

खबरदारी: याच पत्रात किंवा सोबतच्या दुसऱ्या पत्रात ‘पॉलिसी रद्द करण्यात येत आहे’ असं लिहिलेलं असू शकतं. ते नजरेतून सुटलं तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळीच कळतं. रद्द करण्यालाही त्याच तक्रारीत हरकत घ्यायची असते. आणि नूतनीकरणाची तारीख जवळ असेल तर रागाने हप्ता बुडवू नका; सलग संरक्षण तुटलं की इतक्या वर्षांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

## टप्पा २: कारणाचं वाक्य तीन तुकड्यांत फोडा

एक कोरा कागद घ्या आणि तीन गोष्टी वेगळ्या लिहा: कंपनी काय म्हणते, कशाच्या आधारावर म्हणते आणि कोणतं कलम लावते.

काकांच्या पत्रातलं म्हणणं: पाच वर्षांपासून बीपी. आधार: इनडोअर केस पेपर. कलम: माहिती जाहीर करण्याची अट.

आता आधार कुठून आला ते बघू. रात्री पेशंट आला की ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर पटापट हिस्टरी घेतात. पेशंट बोलण्याच्या अवस्थेत नसतो, सोबतचा मुलगा म्हणतो, ‘बीपीची गोळी चालू आहे, झाली असतील चार-पाच वर्षं.’ केस पेपरवर ‘पाच वर्षे’ अशी नोंद होते. सगळ्या क्लेमचा निकाल त्या एका शब्दावर लागतो. नोंद मुद्दाम खोटी नसते, पण ती कोणत्याही जुन्या कागदावर आधारलेलीही नसते, आणि तुमचं उत्तर नेमकं याच फटीत बसतं.

## टप्पा ३: पॉलिसीतली तीन कलमं शेजारी ठेवा

पॉलिसीचं संपूर्ण वर्डिंग काढा. कार्ड किंवा पहिलं पान पुरत नाही. ज्या वर्षात उपचार झाले त्या वर्षाचंच वर्डिंग हवं, कारण नियम २०२४ मध्ये बदलले.

पहिलं कलम पूर्वविद्यमान आजारांच्या प्रतीक्षा काळाचं. सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत त्याचा सांकेतिक क्रमांक एकच आहे. पीडीएफमध्ये `Excl01` टाइप करून शोधा, लगेच सापडेल. पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचं निदान झालं किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार मिळाला, तो पूर्वविद्यमान. आता ही प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिन्यांची असू शकते. पूर्वी ती ४८ पर्यंत असायची. ती संपली की जाहीर केलेल्या आजाराचाही खर्च मिळतो.

दुसरं कलम ‘माहिती उघड करणे’ या नावाचं, सर्वसाधारण अटींत. महत्त्वाची माहिती लपवली किंवा चुकीची दिली तर पॉलिसी रद्दबातल होऊ शकते आणि हप्ता जप्त होऊ शकतो, असं ते सांगतं.

या दोन्हींत लोक गोंधळ घालतात. ‘माझे तीन वर्षं पूर्ण झाले, आता नाकारूच शकत नाहीत’ हे उत्तर पहिल्या कलमाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही. काकांचे नव्या कंपनीत ४० महिने झाले आहेत, म्हणजे प्रतीक्षा संपली. पण कंपनीने बोट ठेवलं आहे ते दुसऱ्या कलमावर. तिथे ३६ महिन्यांचा मुद्दा मांडणं म्हणजे शब्द वाया घालवणं.

तिसरं कलम मोरॅटोरियमचं, आणि पत्रात त्याचा उल्लेख सहसा नसतो. सलग ६० महिने संरक्षण पूर्ण झाल्यावर माहिती न दिल्याच्या किंवा चुकीची दिल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पोर्ट केलेल्या पॉलिसीत जुन्या कंपनीकडचे महिनेही मोजले जातात. मात्र विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेसाठी ६० महिने वाढवल्याच्या तारखेपासून नव्याने मोजतात.

सर्रास होणारी चूक: इन्शुरन्स कायद्याचं कलम ४५ आणि ‘तीन वर्षांनंतर प्रश्न विचारता येत नाही’ हा नियम उद्धृत करणं. ते कलम जीवन विम्याचं आहे. मेडिक्लेमच्या तक्रारीत ते दिसलं की समोरच्याला कळतं, हा मजकूर कुठूनतरी उचलला आहे.

## टप्पा ४: तारखांची पट्टी बनवा

माझ्या मते सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच लोक गाळतात. एकाखाली एक तारखा लिहा. काकांची पट्टी अशी होईल:

- ८ जून २०१९: पहिली पॉलिसी, ३ लाख
- नोव्हेंबर २०२०: केस पेपरमधली ‘पाच वर्षं’ मागे मोजली तर बीपीची सुरुवात इथे येते
- ८ जून २०२२: पोर्ट, ५ लाख, नवा प्रपोजल फॉर्म
- ऑगस्ट २०२३: फॅमिली डॉक्टरांनी बीपीची गोळी पहिल्यांदा लिहून दिली
- ३ नोव्हेंबर २०२५: दाखल

आता पट्टीच बोलायला लागते. केस पेपरमधली नोंद शब्दशः खरी धरली तरी बीपी पहिल्या पॉलिसीनंतर सतरा महिन्यांनी सुरू झालं. म्हणजे २०१९ च्या फॉर्ममध्ये काहीच लपवलेलं नव्हतं. प्रश्न उरतो तो २०२२ च्या पोर्टच्या फॉर्मचा.

पहिल्या पॉलिसीपासून दाखल होईपर्यंत ७६ महिने पूर्ण झाले. म्हणून ३ लाखांपर्यंत मोरॅटोरियम लागू, आणि तिथे ‘माहिती दिली नाही’ हे कारण चालत नाही. वाढवलेल्या २ लाखांना मात्र ४० महिनेच झाले आहेत. बिल ३,८०,००० चं असल्याने वरचे ८०,००० या वाढीव भागात येतात. त्यांच्यासाठी बीपी जून २०२२ नंतरच सुरू झालं हे कागदाने दाखवावं लागेल. (ढोबळ हिशेब आहे, बिलातल्या वैद्यकीय नसलेल्या वस्तू आणि पॉलिसीतल्या इतर कपाती वेगळ्या.)

एका क्लेमचे दोन भाग झाले आणि प्रत्येकाला वेगळा युक्तिवाद मिळाला. सरसकट ‘मी निर्दोष आहे’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मजबूत.

तपासा: पट्टीवर तुमचा आजार पहिल्या पॉलिसीच्याही आधीचा निघतो का, औषधं चालू होती का, फॉर्ममध्ये ‘नाही’ लिहिलं आहे का आणि ६० महिने अजून पूर्ण व्हायचे आहेत का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर बाजू कमकुवत आहे. सतवंत कौर संधू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार न सांगितल्यामुळे दावा नाकारणं योग्य ठरवलं होतं. अशा वेळी ‘तो आजार आणि हा उपचार यांचा संबंध नाही’ हा मुद्दा मांडता येतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये.

## टप्पा ५: लिहिण्याआधी कागद जमवा

कंपनीकडून मागवायचे: तुमचा भरलेला प्रपोजल फॉर्म (पोर्टचाही), फॉर्म फोनवर भरला असेल तर कॉलचं रेकॉर्डिंग, कंपनीच्या तपासनिसाचा अहवाल आणि ज्या पानावर ‘पाच वर्षे’ लिहिलं आहे त्या पानाची प्रत. फॉर्म बघितल्याशिवाय उत्तर लिहू नका. पुष्कळदा असं निघतं की एजंटने सगळ्या प्रश्नांना एका फटक्यात ‘नाही’ टिक केलं आहे. काही वेळा उलटंही निघतं: आजार फॉर्मवर नोंदवलेला असतो आणि तरी नाकारलेलं असतं. मनमोहन नंदा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की अर्जदाराची वैद्यकीय स्थिती तपासून पॉलिसी दिल्यावर कंपनीला त्याच ज्ञात स्थितीवर बोट ठेवून दावा नाकारता येत नाही.

हॉस्पिटलकडून: संपूर्ण इनडोअर केस पेपर, नर्सिंग नोट्ससकट. डिस्चार्ज समरी एकटी पुरत नाही. दोन पानांवर दोन वेगळे कालावधी लिहिलेले आढळले, तर ती विसंगती तुमच्या बाजूने मोठा पुरावा आहे.

स्वतःकडून: आजार कधी सुरू झाला ते दाखवणारे त्या काळातले कागद. काकांसाठी ऑगस्ट २०२३ ची फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी, मेडिकलची पहिली बिलं आणि ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा जून २०२२ च्या आधीचा, बीपी नॉर्मल दाखवणारा रिपोर्ट. तपासणीचा रिपोर्ट यांत सर्वांत वजनदार, कारण तो क्लेमची कल्पनाही नसताना तयार झालेला असतो.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं खुलाशाचं प्रमाणपत्र घ्या, पण त्यात कालावधीची नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली आणि आता कोणते जुने कागद पाहून खुलासा देत आहेत हे यायला हवं. नुसतं ‘पाच वर्षांऐवजी दोन वर्षे वाचावे’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र क्लेम नाकारल्यानंतरचं म्हणून बाजूला सारलं जातं.

खबरदारी: केस पेपरमध्ये खाडाखोड करून घेऊ नका, पान बदलून मागू नका. तपासनिसाने जुन्या पानाचा फोटो आधीच घेतलेला असतो. मोरॅटोरियमला एकच अपवाद आहे, फसवणूक, आणि तो तुम्ही स्वतःच्या हाताने कंपनीला द्याल.

## टप्पा ६: कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र

कस्टमर केअरला केलेला फोन किंवा एजंटला पाठवलेला मेसेज ही तक्रार धरली जात नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. पत्र एका पानाचं, सोबत क्रमांक घातलेले कागद. काकांचं पत्र असं असेल:

> आपल्या नामंजुरीच्या पत्रात उच्च रक्तदाब जाहीर न केल्याचे कारण दिले आहे. त्याबाबत:
>
> १. माझे संरक्षण ८ जून २०१९ पासून सलग आहे (कागद १, २). दाखल होण्याच्या तारखेस ७६ महिने पूर्ण झाले असून ३ लाखांच्या मूळ विमा रकमेपुरते मोरॅटोरियमचे कलम लागू होते. आपल्या पत्रात फसवणुकीचा आरोप वा पुरावा नाही.
>
> २. रक्तदाबाचे निदान ऑगस्ट २०२३ मध्ये झाले (कागद ३, ४). त्यापूर्वीच्या तपासणीत रक्तदाब सामान्य आहे (कागद ५). म्हणून जून २०२२ च्या प्रस्तावात दिलेले उत्तर खरे होते.
>
> ३. केस पेपरमधील कालावधी नातेवाइकाने अंदाजाने सांगितला होता. डॉक्टरांचा खुलासा सोबत आहे (कागद ६).
>
> संपूर्ण देय रक्कम विलंबाच्या व्याजासह द्यावी. दावा पुन्हा नाकारल्यास प्रत्येक मुद्द्याचे स्वतंत्र उत्तर द्यावे.

एजंटची तक्रार, हॉस्पिटलची तक्रार, आर्थिक अडचण यांतलं काही इथे नको. कंपनीने १४ दिवसांत निवारण करायचं असतं. तक्रार क्रमांक आणि पोच जपून ठेवा. पुढचे सगळे दरवाजे त्या पोचेवर उघडतात.

## टप्पा ७: बीमा भरोसा आणि विमा लोकपाल

उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आयआरडीएआयच्या `bimabharosa.irdai.gov.in` या पोर्टलवर नोंद करता येते, फोन १५५२५५. एक गैरसमज मात्र दूर करा: आयआरडीएआय तुमच्या क्लेमचा निवाडा करत नाही. पोर्टलवरून तक्रार कंपनीकडेच जाते, फक्त नियामकाच्या नजरेखाली. काही वेळा तेवढ्याने फाइल हलते. नाही हलली तर तिथे रेंगाळू नका.

निवाडा करतात ते विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे जातात. अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि कंपनीने ती फेटाळलेली असावी, असमाधानकारक उत्तर दिलेलं असावं किंवा महिनाभर उत्तरच दिलेलं नसावं. त्यानंतर एक वर्षाच्या आत अर्ज. `cioins.co.in` वर ऑनलाइन करता येतो. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. तुमचा जिल्हा कोणाकडे येतो ते तिथल्याच यादीत पाहा.

सुनावणी छोटी असते, दहा-पंधरा मिनिटांत संपते. टप्पा ४ ची पट्टी एका पानावर छापून न्या आणि बोलायला लागाल तेव्हा तीच पुढे ठेवा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि ३० दिवसांत पाळावा लागतो. तुमच्यावर तो तसा बंधनकारक नाही. पटला नाही तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा राहतो.

खबरदारी: ग्राहक आयोगात आधीच केस दाखल असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. दोन्हीकडे एकदम अर्ज टाकून ठेवणं अंगाशी येतं.

## टप्पा ८: ग्राहक आयोग

लोकपालांकडे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येतं. कोणता आयोग आणि किती फी हे क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर ठरतं. ५ लाखांपर्यंत फी शून्य, त्यामुळे घरगुती मेडिक्लेमला बहुधा फी लागतच नाही. इथे क्लेम, व्याज आणि मानसिक त्रासाची भरपाई एकत्र मागता येते, पण वेळ लागतो. आणि कंपनीचा वकील उभा असतो म्हणून आपणही वकील घेतलेला बरा.

मुदत दोन वर्षांची. ती नामंजुरीच्या मूळ पत्रापासून मोजा. ‘फेरविचार करा’ अशी दहा स्मरणपत्रं पाठवली म्हणून घड्याळ थांबत नाही. चांगली बाजू असलेले क्लेम इथेच बुडतात.

मूळ पत्र पाकिटासह किंवा मूळ ईमेलसह जपायचं आणखी एक कारण आहे. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की नाकारण्याच्या पत्रात नसलेलं नवं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. काकांच्या सुनावणीत कंपनीने ऐनवेळी ‘दाखल होण्याची गरजच नव्हती’ असा मुद्दा काढला, तर पत्र पुढे करायचं आणि विचारायचं, हे यात कुठे लिहिलं आहे?